काटा गेला, साल राहिली

कर्जत-जामखेडच्या माळावर बाभूळ आणि हिवर लांबून सारखेच दिसतात. जवळ जाऊन खोड पाहिलं की उलगडा होतो. साल काळपट आणि उभ्या भेगांची असली तर बाभूळ, फिकट पांढुरकी असली तर हिवर. हीच खूण विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडलच्या किनारपट्टीत टिपली आणि १८०० मध्ये हिवराला ‘ल्यूकोफ्लिया’ हे नाव दिलं. ग्रीक ‘ल्यूकोस’ म्हणजे पांढरा आणि ‘फ्लॉइओस’ म्हणजे साल. पण जुन्या हिवराची साल खडबडीत होऊन काळवंडते. अशा वेळी नावावर विसंबू नये, फुलोरा पाहावा. बाभळीचे सोनपिवळे गोंडे पानांच्या बगलेत येतात. हिवराचे फिकट गोंडे फांदीच्या टोकाला मोठ्या झुबक्यांनी येतात.

बाभळीच्या नावाची एवढी मदत होत नाही. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘निलोटिका’ म्हटलं, म्हणजे नाईलकाठची. जुन्या पुस्तकांतलं ‘अरेबिका’ही त्याच जातीचं. दोन्हींत झाडाचं रूप नाही, नुसता पत्ता आहे. रूप होतं ते ‘अकेशिया’ या प्रजातीच्या नावात. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस इजिप्तमधल्या काटेरी झाडाला ‘अकाकिया’ म्हणतो आणि त्या शब्दाच्या मुळाशी अणकुचीदार टोक आहे, असं मानतात.

पुढे याच नावाखाली ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जाती जमा झाल्या, त्याही बहुतेक बिनकाट्याच्या. हा सगळा गोतावळा एका वंशाचा नाही, हे ध्यानात आल्यावर प्रजाती फोडणं भाग पडलं. नियम असा की जुनं नाव प्रमाण जातीकडेच राहतं, आणि प्रमाण जात होती आपली बाभूळ. म्हणजे हजार ऑस्ट्रेलियन झाडांचं बारसं नव्याने करावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत प्रमाण जातच बदलण्यात आली आणि बाभळीच्या जागी ‘पेनिनर्विस’ ही ऑस्ट्रेलियन जात आली. लॅटिनमध्ये याचा अर्थ पिसासारख्या शिरांची. तिच्यावर काटे नाहीत आणि जे पान दिसतं तो खरं तर चपटा झालेला देठ. वाद बराच पेटला, पण २०११ मध्ये मेलबर्नला निर्णय कायम झाला.

बाभूळ आणि हिवर आता ‘व्हॅकेलिया’ झाले आहेत. हे नाव वाइट आणि अर्नोट यांनी १८३४ मध्येच देवबाभळीसाठी काढलं होतं. व्हॅकेल हा चीनमधल्या ब्रिटिश वखारीचा पाद्री, वनस्पती गोळा करणारा. बिचाऱ्या बाभळीच्या वाट्याला नाईलचा पत्ता आणि पाद्र्याचं आडनाव एवढंच उरलं. काट्याचा उल्लेखच नाही!

तिच्या एका उपजातीचं नाव मात्र चोख आहे. ‘क्युप्रेसिफॉर्मिस’ म्हणजे सुरूसारख्या घाटाची. हीच रामकाठी. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खोडाला धरून सरळ वर जातात. साध्या बाभळीचा डेरा पिकावर सावली धरतो. रामकाठीची सावली अरुंद, म्हणून बांधावर ती खपवून घेतली जाते.