भरीचे शब्द गाळताना

पॉडकास्टमधलं बोलणं लेखी करताना काय गाळायचं, हा प्रश्न तसा जुना आहे. ब्रिटिश संसदेतल्या भाषणांच्या नोंदीसाठी, म्हणजे हॅन्सर्डसाठी, १९०७ साली एका समितीनं दंडक सांगितला: पुनरुक्ती गाळावी, उघड चुका दुरुस्त कराव्यात, पण अर्थात भर घालणारं काहीही सोडू नये.

हा दंडक एका वाक्याला लावून पाहू. समजा, वक्ता म्हणतो, “तर ते, म्हणजे, १९०७ साली, नाही, १९०९ साली सरकारनं, आपलं, संसदेनं, मला वाटतं नाइलाजानं, ही नोंद स्वतःकडे घेतली.”

‘तर ते, म्हणजे’ सरळ गेलं. ‘नाही’ आणि ‘आपलं’ म्हणताना वक्त्यानं चूक सुधारली आहे. तेव्हा चुकलेलं साल आणि ‘सरकारनं’ही त्यांच्याबरोबर जाईल. नुसतं ‘नाही’ काढलंत, तर दोन सालं उरतील. ‘मला वाटतं’ मात्र राहू द्या. ते गेलं, की वक्त्याचा अंदाज इतिहासातली घटना होऊन बसतो.

उरतं ते असं: “१९०९ साली संसदेनं ही नोंद स्वतःकडे घेतली, मला वाटतं, नाइलाजानं.”

शंका आली, तर शब्द काढून वाक्य मोठ्यानं वाचा. विधान आधीपेक्षा ठाम झालं, तर तो शब्द भरीचा नव्हता.