क्रमवारी आलेख (बंप चार्ट)

संघांचे स्थान हंगामागणिक कसे बदलले, हे रेषांनी दाखवणारा आलेख. आडव्या अक्षावर हंगाम आणि उभ्या अक्षावर क्रमांक असतो. हा अक्ष उलटा धरतात, म्हणजे पहिला क्रमांक वर येतो. दोनच हंगाम जोडले तर त्याला स्लोप चार्ट म्हणतात.

आयपीएलच्या साखळी फेरीचे उदाहरण घेऊ. मुंबई इंडियन्सचे क्रमांक 2020 ते 2025 या काळात 1, 5, 10, 4, 10, 4 असे होते, तर चेन्नई सुपर किंग्जचे 7, 2, 9, 2, 5, 10. रेषा प्रथम 2020 आणि 2021 च्या दरम्यान एकमेकींना छेदतात. पुढचा छेद थेट 2024 नंतर येतो. मधली चार वर्षे चेन्नईच वर राहिली. तक्त्यात ही गोष्ट शोधावी लागते, आलेखात ती लगेच दिसते. सगळेच संघ गडद रंगात काढले तर मात्र नुसता गुंता होतो. म्हणून एक-दोन रेषा ठळक ठेवून बाकीच्या करड्या करतात.

क्रमांकांमधले खरे अंतर या आलेखात दिसत नाही. 2021 मध्ये चौथ्या कोलकात्याचे आणि पाचव्या मुंबईचे गुण सारखेच, 14 होते. निकाल निव्वळ धावगतीवर लागला. शिवाय 2022 पासून संघ आठाचे दहा झाले. त्यामुळे तळाची पातळीच खाली सरकली. तेथे नव्या दोन संघांच्या रेषा मध्येच सुरू होतात; त्या मागे ओढून 2021 ला जोडू नयेत.