आयबीएस, संसर्गोत्तर

जुलाब-उलट्यांचा (गॅस्ट्रोचा) आजार बरा झाल्यावरही पोटदुखी आणि पातळ शौच महिनोन्‌महिने चालू राहणारा आतड्याचा विकार. संसर्गापूर्वी रुग्णाचे पोट चांगले असते, आणि दुखणे कधी सुरू झाले हे तो नेमके सांगू शकतो. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंनंतर, तसेच जिआर्डियानंतर तो आढळतो. विषाणूंमुळे झालेल्या आजारानंतर तो सहसा कमी टिकतो.

इतिहास : ऑक्सफर्डच्या चौधरी व ट्रूलव्ह यांनी 1962 मध्ये आयबीएसच्या 130 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचे दुखणे आमांशासारख्या आजारानंतर सुरू झाले होते.

वॉकर्टन : या विकाराची सर्वांत सविस्तर नोंद कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकर्टन या छोट्या गावाची आहे. मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर शेतातील गुरांचे शेण गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसे पडत नव्हते आणि त्याच्या नोंदीही खोट्या ठेवल्या जात होत्या. ई. कोलाय व कॅम्पिलोबॅक्टरने सुमारे 2,300 लोक आजारी पडले, सात जण दगावले. मॅकमास्टर विद्यापीठाच्या जॉन मार्शल व सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे गावकऱ्यांचा पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी, आजारी न पडलेल्यांत आयबीएसचे प्रमाण सुमारे 10 टक्के होते, तर ज्यांच्या आजाराची वैद्यकीय नोंद होती त्यांच्यात सुमारे 36 टक्के. स्त्रिया, तरुण, आठवड्याहून अधिक काळ जुलाब झालेले, रक्त पडलेले आणि वजन उतरलेले यांना धोका जास्त दिसला. आधीपासूनची चिंता किंवा नैराश्य यानेही तो वाढत होता. मात्र म्हणून दुखणे ‘मनाचे’ ठरत नाही, कारण मूळ आजाराची तीव्रताही तितकीच महत्त्वाची होती. आठ वर्षांनी आजारी पडलेल्यांमधील प्रमाण सुमारे 15 टक्क्यांवर आले. पुष्कळांचे पोट सावरते, पण सावकाश.

मुले : वॉकर्टनच्या मुलांतही हाच कल दिसला.

कारणे : जंतू निघून जातो, दुर्बिणीतून आतडे निरोगी दिसते, तरी शौचाची घाई थांबत नाही. नॉटिंगहॅमच्या रॉबिन स्पिलर यांच्या गटाने कॅम्पिलोबॅक्टरच्या रुग्णांच्या गुदाशयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा टी-लिंफोसाइट पेशी आणि सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. सेरोटोनिनमुळे आतड्याची हालचाल वाढते व पाणी सुटते. संवेदनशील झालेल्या मज्जातंतूंना साधा वायूही कळेसारखा जाणवतो. जेवणानंतर मोठे आतडे हलते, हे सर्वांचेच होते. या रुग्णांना मात्र ताटावरून उठताच पळावे लागते. काहींमध्ये लहान आतड्यात शोषले न गेलेले पित्ताम्ल मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करते. सूज हेच मूळ असेल असे मानून प्रेडनिसोलोन तीन आठवडे देऊन पाहिले, पण लक्षणे कमी झाली नाहीत.

निदान : दुखणे आठवड्यातून किमान एकदा, शौचाशी निगडित, आणि शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदललेले, असे चित्र लागते. झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, ताप, उतरते वजन किंवा पंडुरोग असल्यास मात्र आयबीएस म्हणून थांबू नये. आतड्याचा क्षय, सीलिॲक, क्रोन, जिआर्डिया यांचा शोध घ्यावा. विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिन वाढलेले नसेल तर दाहक आजाराची शक्यता कमी होते. आपल्याकडे अशा रुग्णाला ‘जुनी आव’ म्हणून मेट्रोनिडाझोलचे कोर्स पुन:पुन्हा दिले जातात. तपासणीत अमिबा नसताना त्याचा उपयोग नाही. मूळ संसर्गात प्रतिजैविक घेतलेल्यांत हा विकार अधिक आढळतो, असेही काही अभ्यास सांगतात.

उपचार : जुलाबानंतर दूध पचवणारा विकर काही काळ घटतो, म्हणून प्रथम दोन आठवडे दूध बंद करून पाहावे. फरक न पडल्यास आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने चार ते सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले टाळावेत आणि भात, ज्वारीची भाकरी, मूगडाळीचे पातळ वरण यांवर भर द्यावा. नंतर एकेक पदार्थ परत आणावा. कायमचे पथ्य नको, कारण त्याने शरीराची आणि आतड्यातील उपयुक्त जंतूंची उपासमार होते. चमचाभर इसबगोल पाण्यात भिजवून रोज घ्यावे. ते शौच बांधते. लोपेरामाइड (2 मिग्रॅ) प्रवासापूर्वी उपयोगी पडते, पण ते घाई आवरते, दुखणे नाही. ताप वा रक्त असताना ते घेऊ नये. दुखणे प्रबळ असल्यास डॉक्टर रात्री 10 मिग्रॅ ॲमिट्रिप्टिलिन सुरू करतात, परिणाम कळायला काही आठवडे लागतात. पित्ताम्लाचा संशय असल्यास कोलेस्टिरामीन देतात. रिफॅक्सिमिनने काहींना आराम पडतो, पुष्कळदा तात्पुरता.