बॅच क्रमांक 000117

एका कापड दुकानातली चार कागदपत्रे समोर आहेत. पहिली विक्रीची स्लिप: 14 नोव्हेंबर 2023, दिवाळी पाडवा, ₹4,850, क्रेडिट कार्ड, बॅच 000117, इनव्हॉइस 000042. खाली सहा आकडी मंजुरी क्रमांक आणि बारा आकडी आरआरएन, ज्याची सुरुवात 3318 अशी आहे. पुष्कळ यंत्रणांत पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 14 नोव्हेंबर हा त्या वर्षाचा 318 वा दिवस, म्हणजे छापील तारखेला दुजोरा मिळतो. मंजुरी क्रमांक छापला गेला, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेचा होकार मशीनपर्यंत पोहोचला होता. एवढे निश्चित.

पण होकार म्हणजे पैसे नव्हेत. या मशीनमध्ये दिवसभराचे व्यवहार स्मृतीत साठतात. रात्री सेटलमेंट करताना मशीन त्यांची संख्या आणि बेरीज बँकेच्या संगणकाला कळवते. आकडे जुळले की बॅच बंद होते. न जुळल्यास एकेक व्यवहार पुन्हा पाठवावा लागतो. दुकानदाराचे पैसे बंद झालेल्या बॅचवरच निघतात.

दुसरा कागद दुकानदाराच्या खात्याचा उतारा. बॅच 116 ची रक्कम जमा आहे, 117 ची नाही. इनव्हॉइस 1 ते 41 यांचेही पैसे आलेले नाहीत. त्यामुळे एकटी विक्री रद्द झाल्याची शक्यता मावळते. हरवली आहे ती अख्खी बॅच.

तिसरा, ग्राहकाचे कार्ड विवरण. त्यात ही खरेदीच नाही. रोखून धरलेली मर्यादा काही दिवसांनी मोकळी झाली असावी. मागणी आलीच नाही, तर असेच होते.

चौथा कागद 15 नोव्हेंबरच्या रात्रीची सेटलमेंट स्लिप. तिच्यावर बॅच 000001 आणि वेगळा टर्मिनल क्रमांक आहे. म्हणजे मधल्या वेळात मशीन बदलले गेले. जुने मशीन नेण्यापूर्वी सेटलमेंट झाले नाही आणि 117 त्याच्या स्मृतीतच राहिली, हा सर्वांत संभाव्य तर्क. 117 बंद झाल्याची स्लिप सापडली, तर मात्र तो कोसळेल आणि शोध बँकेच्या बाजूला वळवावा लागेल.

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकातली पाच दिवसांची मुदत इथे लागू पडत नाही. ती खात्यातून पैसे गेले पण दुकानात स्लिप निघाली नाही, अशा उलट प्रसंगासाठी आहे. इथे दुकानदाराने मशीन देणाऱ्या बँकेकडे बेचाळीसही स्लिपांच्या प्रती देऊन जुन्या मशीनची स्मृती पुसण्याआधी तपासायला लावणे, आणि ती गेली असल्यास हाताने नोंद करण्याची मागणी करणे, हाच मार्ग उरतो. तोही लवकर, कारण मंजुरीला मुदत असते आणि थर्मल कागदावरची अक्षरे फिकट होतात.