विल्सन रोग

यकृतातील जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याच्या यंत्रणेत जन्मतःच दोष असल्यामुळे होणारा आनुवंशिक विकार. तांबे आधी यकृतात आणि मग मेंदू, डोळे, मूत्रपिंडे यांत साठत जाते. साधारणपणे ३०,००० लोकांत एकाला हा रोग आढळतो. दारूला कधी न शिवलेल्या, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’च्या तपासण्या निर्दोष असलेल्या तरुण माणसाचे यकृत खराब झालेले दिसले, तर या रोगाचा विचार पहिल्या काहींत व्हायला हवा. वेळेत ओळखला तर औषधांनी ताब्यात राहणाऱ्या मोजक्या यकृतरोगांपैकी हा एक आहे. निदान मात्र बहुधा उशिरा होते, कारण याची एकही तपासणी एकटीच्या बळावर भरवशाची नाही.

रोगकारण : रोजच्या जेवणातून एक ते दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते आणि शरीराला त्याचा थोडाच भाग लागतो. उरलेले तांबे बाहेर जाण्याची मुख्य वाट पित्ताची असते. यकृतपेशीतील एक वाहक प्रथिन दोन कामे करते : तांबे सिरुलोप्लाझ्मिन या रक्तातील प्रथिनात बसवणे आणि जादा तांबे पित्तात ढकलणे. हे प्रथिन ATP7B या जनुकावरून बनते. जनुक १३ व्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९३ मध्ये लागला. वाहक बिघडला की दोन्ही कामे अडतात. म्हणून शरीरात तांबे तुंबलेले असते, पण रक्तातील एकूण तांबे बरेचदा कमीच भरते, कारण रक्तातले बहुतेक तांबे सिरुलोप्लाझ्मिनमध्ये असते आणि तेच नीट तयार झालेले नसते. नुसते ‘सीरम कॉपर’ पाहून ‘तांबे वाढलेले नाही’ असे म्हणणे ही या रोगातली नेहमीची फसगत आहे.

रोग होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. दोघे नुसते वाहक असतात आणि त्यांना त्रास नसतो. आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या कुटुंबांत असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना आईवडील लग्नाआधी एकमेकांचे कोण लागत होते, हा प्रश्न विचारावाच लागतो.

यकृतातील रूपे : बहुतेक रुग्णांत रोग पाच ते पस्तीस या वयात प्रकट होतो. लहान वयात यकृताची आणि थोड्या मोठ्या वयात मेंदूची लक्षणे पुढे येतात : हात थरथरणे, बोलणे अस्पष्ट होणे, अक्षर बिघडणे, स्वभाव बदलणे. यकृताची बाजू अनेक वेषांत येते. कुणाच्या एसजीपीटीचा आकडा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत वाढलेला सापडतो, कुणाच्या सोनोग्राफीत फक्त चरबी दिसते, तर कुणी थेट सिरोसिस, फुगलेले पोट आणि वाढलेली पांथरी घेऊन येतो.

सर्वांत घातक रूप अचानक येते, आणि ते तरुण मुलींत अधिक आढळते. काही दिवसांत गडद कावीळ होते. त्याच वेळी मेलेल्या यकृतपेशींतून सुटलेले तांबे तांबड्या पेशी फोडते, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरते. हा रक्तनाश प्रतिपिंडांमुळे झालेला नसतो, म्हणून कूम्ब्स चाचणी नकारात्मक येते. आणखी एक खूण साध्या लिव्हर फंक्शनच्या कागदावरच असते : बिलिरुबिन खूप चढलेले असूनही अल्कलाइन फॉस्फटेज आश्चर्य वाटावे इतके कमी असते. इतर काविळीत ते सहसा सामान्य किंवा वाढलेले असते. या अवस्थेत औषधे पुरी पडत नाहीत. जीव वाचवण्याचा मार्ग बहुतेक वेळा तातडीचे यकृत प्रत्यारोपण हाच उरतो.

तपासण्या आणि त्यांच्या मर्यादा : सिरुलोप्लाझ्मिन साधारण २० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. १० च्या खाली गेले तर रोगाचा संशय बळावतो. १० ते २० मधला पट्टा संदिग्ध आहे, कारण काही निरोगी वाहकांत आणि दुसऱ्या कारणाने यकृत पार थकलेल्या रुग्णांतही ते कमी येते. उलट शरीरात दाह असला, गर्भारपण असले किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या तर ते वाढते आणि खरा रोग झाकला जातो.

लघवीतील तांबे २४ तासांच्या लघवीत मोजतात. १०० मायक्रोग्रॅमच्या वरचा आकडा रोगाच्या बाजूने जातो. लघवी धातूचा अंश नसलेल्या खास भांड्यात गोळा करावी लागते. सकाळची पहिली लघवी टाकून वेळ नोंदवायची आणि दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची लघवी धरून थांबायचे. कॉलेजला गेलेल्या मुलाने दुपारची एक लघवी बाहेर केली, तरी आकडा खोटा कमी येतो.

बुबुळाच्या काठावर तांबे बसून तपकिरी-हिरवट कडे तयार होते, त्याला कायसर-फ्लायशर कडे म्हणतात. ते आधी वरच्या आणि खालच्या टोकाला उमटते आणि काळ्या डोळ्यांत नुसत्या नजरेला दिसत नाही. नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्पखालीच पाहावे लागते. मेंदूची लक्षणे असलेल्या जवळजवळ सर्व रुग्णांत ते सापडते, पण फक्त यकृताचा त्रास असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत सापडतच नाही.

या अडचणींवर २००१ पासून लाइपझिग गुणांकन वापरतात. प्रत्येक पुराव्याला गुण देतात आणि बेरीज चार किंवा अधिक झाली की निदान पक्के धरतात.

नमुन्याचे रुग्णवृत्त : १९ वर्षांची मुलगी, थकवा आणि पायांवर सूज. एसजीओटी ८८, एसजीपीटी ७४, अल्कलाइन फॉस्फटेज ३८, प्लेटलेट ९२,०००. सोनोग्राफीत यकृत खडबडीत आणि पांथरी वाढलेली. ‘बी’ आणि ‘सी’ विषाणू नाहीत. स्वप्रतिरक्षेची एएनए चाचणी किंचित सकारात्मक आल्याने स्वप्रतिरक्षित यकृतदाह समजून स्टेरॉइड दिले, पण तीन महिन्यांत फरक पडला नाही. अशा वळणावर विल्सन रोग आठवायलाच हवा, कारण एएनए यातही थोडी सकारात्मक येऊ शकते. सिरुलोप्लाझ्मिन १४ आले : एक गुण. लघवीतील तांबे १६८ मायक्रोग्रॅम, म्हणजे कमाल सामान्य मर्यादेच्या दुपटीच्या आत : आणखी एक गुण. स्लिट लॅम्पखाली कडे नाही : शून्य. बेरीज दोनच झाली. येथे थांबून ‘विल्सन नाही’ असे लिहिले असते, तर ती चूक ठरली असती. यकृताचा सुईने तुकडा घेऊन त्यातील तांबे मोजले, तेव्हा कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ६४० मायक्रोग्रॅम भरले. सामान्यतः ते ५० च्या आत असते आणि २५० च्या वर दोन गुण मिळतात. बेरीज चार झाली. तुकड्याच्या तपासणीलाही मर्यादा आहे : सिरोसिस झालेल्या यकृतात तांबे सर्वत्र सारखे पसरलेले नसते, त्यामुळे कमी आकड्यावरून रोग नाकारता येत नाही. दोन्ही सदोष जनुके सापडली, तर त्या एका गोष्टीलाच चार गुण आहेत.

लोहसंचयाशी फरक : लोह साठूनही यकृत खराब होते, पण भारतीय तरुणांत त्याचे नेहमीचे कारण थॅलसेमियासाठी वारंवार दिलेले रक्त हे असते. युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा HFE जनुकाचा वंशागत लोहसंचय भारतात विरळा असून तो सहसा चाळिशीनंतर दिसतो. तिशीच्या आत येणारा एक दुर्मिळ प्रकारही आहे, पण त्यात हृदयाचा आणि जननग्रंथींचा बिघाड आधी पुढे येतो. नुसते फेरिटिन वाढलेले पाहून लोहसंचय म्हणू नये, चरबीयुक्त यकृतातही ते वाढते. ट्रान्सफेरिन संपृक्तता ४५ टक्क्यांच्या वर असेल तरच पुढचा शोध घ्यावा.

उपचार : सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये लंडनहून रोगाचे सविस्तर वर्णन केले, पण तांब्याचा हात पुढे कित्येक वर्षांनी निश्चित झाला. तोंडाने घेण्याचे पहिले परिणामकारक औषध जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पुढे आणले. पेनिसिलिनपासून मिळणारे पेनिसिलामीन तांबे पकडून लघवीवाटे बाहेर नेईल, असा त्यांचा अंदाज होता. रुग्णाला देण्याआधी ते त्यांनी स्वतः घेऊन पाहिले.

प्रौढांना हे औषध कमी मात्रेने सुरू करून हळूहळू दिवसाला ७५० ते १५०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. ते जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे लागते, कारण अन्नाबरोबर त्याचे शोषण घटते. ब६ जीवनसत्त्वाची गोळी जोडीला असते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, लघवीतून प्रथिन जाणे किंवा पांढऱ्या पेशी घटणे असा त्रास होऊ शकतो. मेंदूची लक्षणे असलेल्यांत ती सुरुवातीला वाढण्याचा धोकाही असतो. हे औषध न सोसणाऱ्यांना ट्रायएन्टिन देतात. जस्ताची तऱ्हा वेगळी आहे. ते आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनीन हे प्रथिन वाढवते, ते तांब्याला धरून ठेवते आणि पेशी गळून पडल्या की तांबे शौचावाटे निघून जाते. जस्ताचा परिणाम संथ असल्याने ते लक्षणे नसलेल्यांत आणि साठा उतरल्यानंतर वापरतात.

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. तब्येत सुधारली म्हणून दोन-तीन वर्षांनी आपणहून औषध बंद करणे हे ठीक चाललेल्या रुग्णाचे यकृत अचानक निकामी होण्याचे ठरलेले कारण आहे. गर्भारपणातही उपचार थांबवत नाहीत, मात्र डॉक्टर पेनिसिलामीनची मात्रा कमी करतात. नवे यकृत बसवले तर चयापचयाचा दोष दूर होतो, कारण ATP7B चे नेमके काम करणारे यकृतच बदललेले असते.

पथ्य आणि तांब्याची भांडी : सुरुवातीच्या वर्षभरात काळीज, शिंपले आणि खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, चॉकलेट, सुकामेवा आणि अळिंबी टाळतात. तांब्याच्या हंड्यातले किंवा तांब्यातले पाणी या रुग्णांनी पिऊ नये. केवळ पथ्याने मात्र रोग आटोक्यात येत नाही. भांड्यांमुळे होणारा आजार वेगळा असून त्याच्या अभ्यासात पुण्याचे स्थान मोठे आहे. १९८० च्या दशकात पुण्यातील आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासह दाखवून दिले की कल्हई नसलेल्या पितळी आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेले दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांत भारतीय बालयकृत सिरोसिसचे प्रमाण अधिक असते. दुधातील केसीन तांब्याला चिकटून ते बाळाच्या पोटात नेते. घराघरात स्टीलची पातेली आली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्यात सिरुलोप्लाझ्मिन कमी नसते, ही विल्सन रोगापासूनची वेगळी खूण.

भावंडांची तपासणी : रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हाच रोग असण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते धडधाकट दिसत असेल तरी ही तपासणी चुकवता येत नाही. वरच्या रुग्णवृत्तातील मुलीच्या १५ वर्षांच्या भावाला काही त्रास नव्हता. त्याचे सिरुलोप्लाझ्मिन ६ आणि लघवीतील तांबे ७४ निघाले, म्हणजे गुण दोनच. बहिणीत सापडलेले दोन्ही जनुकदोष त्याच्यातही आढळल्याने निदान पक्के झाले आणि यकृत खराब होण्याआधीच जस्त सुरू करता आले.