ससा : छायाचित्रावरून ओळख
मराठीत रानातला आणि पिंजऱ्यातला, दोघांनाही ‘ससा’च म्हणतात, घोटाळ्याची सुरुवात इथूनच होते. पानिपतच्या शेतांत दिसतो तो भारतीय रानससा (लेपस नायग्रिकोलिस). पाळीव ससा मूळच्या युरोपीय जातीचा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) असून भारतात तो रानात मुळात आढळत नाही. त्यामुळे शेतातल्या छायाचित्रात तो दिसलाच, तर बहुधा कुणाच्या घरून सुटलेला असतो.

सर्वांत भरवशाची खूण कानाची. रानसशाचा कान डोक्याइतका किंवा त्याहून लांब असतो. पाळीव सशाचा सहसा आखूड असतो. अपवाद लोंबत्या कानांच्या पाळीव जातींचा. धावताना रानसशाचे मागचे पाय लांबसडक व अंग सडपातळ दिसते. पाळीव ससा बसला की गोल गठ्ठाच.

गव्हाच्या बांधावर दबून बसलेला ससा घ्या. कान पाठीवर चिकटलेले, पाय पोटाखाली दुमडलेले, म्हणून आकृती गोल भासते आणि पाहणारा फसतो. अशा वेळी कानाचे टोक शोधावे. ते मानेच्या पलीकडे, खांद्यापर्यंत गेले असेल तर रानससा समजावा. मात्र हे मोजमाप बाजूने घेतलेल्या छायाचित्रातच चालते. समोरून कान पाठीकडे वळलेले असले की आखूड भासतात. पिल्लांचे कानही तुलनेने लहान असतात. दक्षिणेकडील रानसशाच्या मानेवरचा काळा डाग इकडे शोधू नये. उत्तरेकडील उपजातीत तो नसतो.