स्क्रीनशॉट : पीएनजी की जेपीईजी

मोबाईल किंवा संगणकाच्या पडद्यावर दिसणारे दृश्य जसेच्या तसे चित्र म्हणून जतन केले की त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. हे चित्र बहुधा पीएनजी किंवा जेपीईजी (फाईलच्या नावात `.png`, `.jpg`) या दोहोंपैकी एका प्रकारात साठवले जाते. आयफोन आणि विंडोज पीएनजी ठेवतात. अँड्रॉइड फोनांत कंपनीनुसार फरक आहे. सॅमसंगच्या फोनांत सेटिंगमध्ये प्रकार निवडता येतो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत स्क्रीनशॉटचा मोठा वापर कागदपत्रांसाठी होतो : महाभूलेखावरचा सातबारा, निकाल, लातूरच्या शिकवण्यांतले प्रश्न, आणि अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे शेवटच्या प्रकाराच्या अंगाने लिहिली आहे, कारण एक आकडा चुकीचा वाचला गेला तर खरे काम तिथेच अडते.

उत्पत्ती. जेपीईजीचे मानक 1992 मध्ये छायाचित्रांसाठी ठरले. जिफ या जुन्या प्रकारात वापरलेल्या आकुंचन-पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. त्यावरून वाद झाल्यावर मोकळा पर्याय म्हणून पीएनजी आखले गेले आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झाले.

रचना व अक्षरांची स्पष्टता. पीएनजी चित्रातला एकही बिंदू बदलत नाही. प्रत्येक बिंदू डावीकडच्या किंवा वरच्या बिंदूशी ताडून पाहिला जातो आणि फक्त फरक नोंदवला जातो. पांढऱ्या पानावर फरक शून्यच असतो, म्हणून कोरी जागा जवळजवळ फुकटात साठवली जाते. जेपीईजी चित्राचे 8×8 बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक, झपाट्याने बदलणारा तपशील गाळते. आकाश, चेहरा, सोयाबीनचे रान यांत गाळलेले डोळ्याला कळत नाही. अक्षराची कड मात्र काळ्यावरून पांढऱ्यावर एकदम जाते. तिथे गाळणी लागली की कडेभोवती करडे ठिपके उठतात. शिवाय जेपीईजीत रंगाची माहिती बहुधा दोन बाय दोन बिंदूंना मिळून एकच ठेवतात. त्यामुळे लाल अक्षरे काळ्या अक्षरांपेक्षा आधी पसरतात.

देवनागरीला याचा फटका विशेष बसतो. शिरोरेषेच्या वरच्या अरुंद पट्टीत अनुस्वार, रफार, मात्रा अशी लहान चिन्हे दाटलेली असतात आणि करडे ठिपकेही तिथेच जमतात. ‘शिंदे’चे ‘शिदे’ किंवा ‘कांबळे’चे ‘काबळे’ झाले तर ओळखीचे आडनाव म्हणून वाचणारा मनाने दुरुस्त करतो. आकड्याला असा आधार नसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र 1.25.00 असे, म्हणजे हेक्टर, आर आणि चौरस मीटर टिंबांनी तोडून लिहिलेले असते. टिंब पुसले गेले की तोडच कळत नाही.

आकारमान. 1080×2400 बिंदूंच्या पडद्याचे चित्र कोणतेही आकुंचन न करता ठेवले तर सुमारे 78 लाख बाइट, म्हणजे पावणेआठ एमबीच्या आसपास भरते. पान मजकुराचे असेल तर पीएनजी ते काही शे केबीवर आणते. कधी कधी ही फाईल चांगल्या दर्जाच्या जेपीईजीपेक्षाही लहान होते. ‘पीएनजी जड असते’ हा समज छायाचित्रांवरून आलेला आहे. पडद्यावर फोटो, व्हिडिओ किंवा उपग्रह-नकाशा असेल तर तो समज खरा ठरतो आणि तिथे जेपीईजीच घ्यावे.

एकदा जेपीईजी झालेले चित्र पुन्हा पीएनजी म्हणून साठवले तर गेलेला तपशील परत येत नाही. उलट ते करडे ठिपकेही प्रामाणिकपणे जपले जातात, सलग पांढरेपणा मोडतो आणि फाईल फुगते.

पाठवताना होणारी हानी. प्रकार कोणता निवडला यापेक्षा फाईल कशी पाठवली हे अधिक निर्णायक ठरते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी पोहोचेपर्यंत जेपीईजी झालेली असते आणि बहुधा लहानही केलेली असते. साध्या दर्जात लांब बाजू साधारण 1600 बिंदूंवर आणली जाते. नेमका आकडा ॲपच्या आवृत्तीनुसार बदलतो. ऑगस्ट 2023 पासून मिळू लागलेल्या एचडी पर्यायात चित्र मोठे राहते, पण प्रकार जेपीईजीच.

उदाहरण म्हणून गावाच्या गटात फिरणारी व्हीके नंबरांची यादी घ्यावी. व्हीके नंबर म्हणजे मदतीच्या यादीत शेतकऱ्याला मिळणारा विशिष्ट क्रमांक; तो घेऊन आपले सरकार केंद्रावर ई-केवायसी केली जाते. यादीच्या एका पडद्याचा 1080×2400 चा स्क्रीनशॉट पाठवला तर पोहोचताना तो 720×1600 होतो. 24 बिंदू उंचीचा आकडा 16 बिंदूंचा उरतो, म्हणजे जेपीईजीचे जेमतेम दोन चौकोन. 3 आणि 8, 5 आणि 6 यांतला फरक एका लहान फटीचा असतो आणि नेमकी तीच फट भरून येते.

‘सगळी यादी एकातच’ म्हणून सरकता लांब स्क्रीनशॉट घेतला तर गत आणखी वाईट. 1080×6000 चे चित्र 1600 उंचीत बसवले की रुंदी 288 बिंदू उरते. चार-पाच रकान्यांची यादी तेवढ्यात मावत नाही. पाठवणाऱ्याच्या फोनवर मात्र मूळ फाईलच असते, म्हणून तो ‘माझ्याकडे स्पष्ट दिसतंय की’ म्हणतो आणि ते खरेही असते.

यावर उपाय दोन. पहिला, चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडणे. फाईल जशीच्या तशी पोहोचते. दुसरा, आपल्या नावापुरत्या ओळी कापून घेणे. 1080×700 चा तुकडा 1600 च्या आतच असल्याने लहान केला जाण्याचे कारण उरत नाही, आणि जेपीईजी होऊनही आकडे वाचता येतात. पुण्यात कामाला असलेल्या भावाला फक्त गट नंबर कळवायचा असेल तर दुसरा उपाय पुरतो. केंद्रचालकाला क्रमांक टंकायचा असेल तर पहिलाच बरा.

ओळख. मिळालेले चित्र बोटांनी मोठे करून अक्षराभोवतीचा पांढरा भाग पाहावा. तो निखळ पांढरा असेल तर चित्र शाबूत आहे. करडी धूळ दिसली तर ते कधीतरी जेपीईजीतून गेले आहे, मग फाईलचे नाव `.png` का असेना. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाईलच्या नावात तारखेनंतर `WA` आणि क्रमांक असतो. अशी फाईल पुढे ढकलण्याऐवजी मूळ धन्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

अर्जात जोडताना. अनेक ऑनलाइन अर्ज फक्त जेपीईजी घेतात. तिथे फाईलच्या नावातले `.png` खोडून `.jpg` लिहिल्याने प्रकार बदलत नाही. पेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून जेपीईजी म्हणून साठवावे लागते. कमाल दर्जाचे जेपीईजी मजकुराला पुरते की नाही, याबद्दल मते वेगवेगळी आहेत.

छपाई. मूळ पीडीएफ मिळत असेल तर झेरॉक्स सेंटरवर तीच न्यावी.

कायदेशीर उपयोग. महाभूलेखावर विनामूल्य दिसणारा बिनस्वाक्षरीचा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. त्याचा स्क्रीनशॉट कोणत्याही प्रकारात आणि कितीही स्पष्ट असला तरी कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी 15 रुपये भरून मिळणारी डिजिटल स्वाक्षरीची पीडीएफच लागते.